बॅकअप कोडचा कागद सापडतो, पण कोड चालत नाहीत: कारणे, तपासणी आणि घरात जपण्याची पद्धत

फोन बिघडतो किंवा हरवतो, पासवर्ड बरोबर असूनही दोन टप्प्यांच्या पडताळणीचा दुसरा टप्पा ओलांडता येत नाही, आणि मग कपाटातल्या फाइलमधून बॅकअप कोडचा कागद बाहेर काढला जातो. त्यावरचा पहिला कोड टाकला की तो चुकीचा असल्याचा संदेश येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कोडचेही तेच होते. ही तक्रार इतक्या वेळा कानावर येते की बॅकअप कोड हरवणे ही एक अडचण आणि बॅकअप कोड शिळे होणे ही दुसरी, असे मी आता वेगवेगळे मानतो. हरवलेल्या कागदाची निदान शोधाशोध तरी होते. शिळा कागद मात्र वर्षानुवर्षे जागेवर असतो, तो पाहून मनाला दिलासा मिळत राहतो, आणि गरजेच्या दिवशी तो निरुपयोगी निघतो.

कोड नाकारला गेल्यावर लगेच पुढचा कोड टाकू नये. लागोपाठ चुकीचे कोड टाकल्यास बऱ्याच सेवा काही काळासाठी प्रवेश रोखतात, आणि मग खरा कोड हाती आला तरी वाट पाहावी लागते. त्याआधी घरातल्या इतर उपकरणांकडे पाहावे. जुना टॅबलेट, बाजूला ठेवलेला लॅपटॉप किंवा कुटुंबातल्या दुसऱ्या व्यक्तीचा संगणक यांपैकी कुठेतरी ते खाते अजून उघडे असण्याची शक्यता असते. असे उपकरण सापडल्यास त्यावर लॉग-आउट करू नये, ब्राउझरचा इतिहास किंवा कुकी पुसू नयेत आणि ‘सगळे पुन्हा सुरू करून बघू’ म्हणून ते रिसेटही करू नये. उघड्या खात्यातून, बहुधा पासवर्ड पुन्हा विचारून, नवे कोड तयार करता येतात. काही वेळा तिथेही दुसरा टप्पा मागितला जातो, पण तो प्रयत्न पहिला करावा. घाईघाईने ‘स्वच्छता’ केल्यामुळे हा शेवटचा उघडा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद केलेले लोक मी पाहिले आहेत.

कोड का नाकारला जातो

बॅकअप कोड एकेकटे नसतात, ते संचाने येतात, आणि बहुतेक गोंधळ या एका गोष्टीतून सुरू होतो. गूगल खात्यासाठी एका संचात १० कोड मिळतात, प्रत्येक कोड ८ अंकी असतो आणि एकदाच चालतो. प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहब या सेवेवर एका वेळी १६ कोड मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्याला संच नसतो, तर २५ अक्षरांचा एकच रिकव्हरी कोड असतो. आकडे वेगळे असले तरी नियम तिन्हीकडे सारखा आहे: नवा संच किंवा नवा कोड तयार केला की जुना त्याच क्षणी रद्द होतो. जुन्या संचातले न वापरलेले कोड शिल्लक राहत नाहीत, आणि कपाटातल्या कागदाला आपण रद्द झालो आहोत हे कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

नवा संच प्रत्येक वेळी जाणूनबुजूनच तयार होतो असेही नाही. गिटहबवर दोन टप्प्यांची पडताळणी बंद करून पुन्हा सुरू केली तर कोड आपोआप बदलतात. पडताळणी बंद न करता फक्त ऑथेंटिकेटर अ‍ॅप बदलले तर मात्र जुनेच कोड चालू राहतात. फोन बदलताना ‘एकदा बंद करून परत चालू करू’ हा सोपा वाटणारा मार्ग अनेकजण निवडतात, आणि त्या दिवशी कागदावरचा संच मरतो. काहीजण केवळ कोड नीट आहेत ना हे बघायला त्या पानावर जातात आणि नवे कोड मिळवण्याचे बटण दाबून परत येतात.

जुना संच हे सर्वांत सामान्य कारण असले तरी कागद फेकण्यापूर्वी आणखी काही साध्या शक्यता तपासाव्यात. कोड चुकीच्या चौकटीत टाकला जाणे ही त्यांतली पहिली शक्यता. ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोड सहसा ६ अंकी असतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. त्याच्या चौकटीत ८ अंकी बॅकअप कोड टाकला तर तो चालणार नाही. गूगलच्या इंग्रजी पडद्यावर पासवर्डनंतर `Try another way` निवडावे लागते आणि पुढच्या यादीतून ८ अंकी बॅकअप कोडचा पर्याय घ्यावा लागतो. कागद दुसऱ्याच खात्याचा असणे ही दुसरी शक्यता आहे. घरात चारजणांची चार खाती असतील आणि कागदांवर नुसते अंक लिहिलेले असतील, तर कोणता कागद कोणाचा हे अंकांवरून ओळखता येत नाही. तिसरी शक्यता म्हणजे तो कोड पूर्वी वापरला गेलेला असतो, पण त्यावर काट मारायची राहून गेलेली असते.

चौथे कारण खास आपल्याकडचे म्हणावे असे आहे. हाताने उतरवताना आपण कधी देवनागरी आकडे लिहितो, कधी इंग्रजी, आणि घाईत एकाच ओळीत दोन्ही. लिहिताना डोक्यात काय होते ते सहा महिन्यांनी आठवत नाही, आणि मग देवनागरी १ हा `9` वाटतो, देवनागरी ४ हा `8` वाटतो, तर देवनागरी ५ हा `4` सारखा दिसतो. कागदावर हाताने लिहिलेला कोड नाकारला गेला तर या तीन अंकांकडे आधी पाहावे. ज्या सेवांच्या कोडमध्ये अक्षरेही असतात तिथे शून्य आणि `O`, तसेच `1` आणि लहान `l` यांची अदलाबदल तपासावी. उतरवताना पडद्यावर जसे अंक दिसतात तसेच, इंग्रजी आकड्यांत, चार-चारच्या गटांत लिहिणे आणि नंतर दुसऱ्या व्यक्तीला ते मोठ्याने वाचायला सांगून पडद्याशी ताडून बघणे, एवढ्याने ही चूक टळते.

एक प्रकरण, तपशिलासह

माझ्या स्वतःच्या एका ई-मेल खात्याच्या बाबतीत हे सगळे घडले. फोनचा पडदा पूर्ण काळा पडला, आणि त्याच आठवड्यात मी लॅपटॉपवरच्या ब्राउझरच्या कुकी पुसलेल्या असल्यामुळे तिथेही दुसरा टप्पा मागितला गेला. कोडचा कागद फाइलमध्ये होता, व्यवस्थित छापलेला, वर खात्याचे नाव, आणि दहापैकी एकाही कोडवर काट नव्हती. दोन कोड टाकून पाहिले. दोन्ही नाकारले गेले. तिसरा टाकण्याऐवजी मी थांबलो, आणि ते बरे झाले.

कागदाच्या तळाशी संच तयार झाल्याची तारीख छापलेली होती, मार्च महिन्यातली. ती पाहताच आठवले की नोव्हेंबरमध्ये मी फोन बदलला होता आणि त्या वेळी सुरक्षा सेटिंगमध्ये बराच वेळ घालवला होता. नवे कोड घेतल्याचे स्पष्ट आठवत नव्हते, पण घेतले असतील तर ते कुठे गेले असतील याचा अंदाज होता. लॅपटॉपच्या डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये शोधल्यावर दोन फाइली सापडल्या:

```
backup-codes.txt
backup-codes (1).txt
```

नावात `(1)` असण्याचा अर्थ एवढाच की त्याच नावाची फाइल तिथे आधीपासून होती, म्हणजे ही नंतर उतरवलेली. उघडून पाहिली तर आतली तारीख नोव्हेंबरची होती. तिच्यातला पहिलाच कोड चालला. मी नवा संच तयार केला होता, फाइल उतरवली होती, आणि छापायची ती ‘उद्या’ छापू म्हणून ठेवली होती. जुना कागद फाइलमधून काढला नव्हता, त्यामुळे नोव्हेंबरनंतर जेव्हा जेव्हा फाइल चाळली तेव्हा कोड आहेत हे पाहून मी निश्चिंत झालो होतो. लॅपटॉप त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला असता किंवा मी डाउनलोड्स रिकामे केले असते, तर हे खाते परत मिळवायला ओळख पटवण्याच्या लांबलचक प्रक्रियेतून जावे लागले असते. काही सेवा तर तीही सोय देत नाहीत. पडताळणीची सगळी साधने हरवल्यास आपण प्रवेश परत देऊ शकत नाही, असे गिटहबने आपल्या मदतपृष्ठांवर स्पष्टच लिहून ठेवले आहे.

या प्रकरणातून मी एक सवय लावून घेतली: कोडचा संच पडद्यावर आला की तो कागदावर येईपर्यंत ते पान बंद करायचे नाही, आणि नवा कागद फाइलमध्ये गेल्याशिवाय त्या जागेवरून उठायचे नाही.

कागदावर काय असावे

गूगलची उतरवलेली फाइल छापली तर खात्याचा पत्ता आणि कोड तयार झाल्याची तारीख तिच्यावर आपोआप येते, आणि ही तारीख कोडइतकीच उपयोगी असते. इतर सेवांच्या कागदावर ती हाताने लिहावी. मी प्रत्येक कागदावर सेवेचे नाव, कोणाचे खाते, संचाची तारीख आणि एकूण कोड किती, एवढे लिहितो. कोड वापरला की त्यावर एक सरळ रेघ आणि शेजारी तारीख. खरवडून काढू नये, कारण पुढे कधी ‘हा मी वापरला होता की कुणी दुसऱ्याने’ असा प्रश्न पडला तर ती तारीख ताडून पाहता येते. तीन कोड उरले की नवा संच घ्यावा. एकही न उरेपर्यंत थांबण्यात बचत काहीच नाही, कारण नवे कोड फुकटच मिळतात.

पासवर्ड मात्र या कागदावर कधीही लिहू नये, आणि त्याच पाकिटातही ठेवू नये. नुसता बॅकअप कोड चोराच्या हाती लागला तर त्याला अजून पासवर्ड हवा असतो. दोन्ही एकत्र सापडले तर दोन टप्पे एकाच पाकिटात येऊन पडतात. याच कारणासाठी मला घरातल्या कागदाला फार गुप्त ठिकाणी दडवणे पटत नाही. घरात शिरलेल्या चोराने कागद ओळखून, पासवर्डही मिळवून खाते उघडण्यापेक्षा, साफसफाईच्या दिवशी तो कागद रद्दीत जाण्याची किंवा स्वतःलाच जागा न आठवण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. पुस्तकाच्या पानात, देवघराच्या कागदाखाली किंवा जुन्या डब्याच्या तळाशी ठेवलेले कोड चोरापासून नव्हे, तर मालकापासूनच सुरक्षित राहतात. घरातली महत्त्वाची कागदपत्रे जिथे असतात, जी फाइल कुणी न विचारता टाकून देत नाही, तिच्यातच हे पाकीट असावे आणि त्यावर ‘टाकू नये’ असे ठळक लिहिलेले असावे.

घरात कुणा एकाला तरी या पाकिटाची जागा माहीत असावी. खात्याचा मालक रुग्णालयात असताना किंवा परगावी असताना फोनवरून ‘तिसरी ओळ वाच’ असे सांगता येणे हा या कागदाचा अर्धा उपयोग आहे. मात्र ही वाचून दाखवण्याची सोय घरच्या माणसापुरतीच ठेवावी. बँक, मेल सेवा किंवा ‘ग्राहक सेवा केंद्र’ यांच्या नावाने आलेल्या फोनवर कुणी बॅकअप कोड विचारला तर तो फसवणुकीचा फोन समजावा. खऱ्या सेवेला तो कोड फक्त लॉग-इनच्या चौकटीत हवा असतो.

कागद आणि शाईची निवड किरकोळ वाटते, पण दोन-तीन वर्षांनी फरक कळतो. पावतीसारख्या उष्णतेने छापणाऱ्या कागदावरचे अक्षर फिकट होत जाते, आणि असा कागद गरम लॅमिनेशनमध्ये घातला तर तो काळा पडतो. इंकजेटची छपाई ओल लागली की पसरते. लेझर छपाई पाण्याला टिकते, पण मऊ प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये वर्षानुवर्षे दाबून राहिल्यास टोनर कव्हरला चिकटून कागदावरून उचलला जातो. म्हणून लेझर छपाई किंवा साध्या बॉलपेनने लिहिलेला कागद, कागदीच पाकिटात, आणि ओल येणारी भिंत सोडून, हे मला सर्वांत बिनत्रासाचे वाटते. लॅमिनेशन मी करतच नाही, कारण त्यावर काट मारता येत नाही. छापण्यासाठी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर न्यावी लागत असेल तर छापण्याचा नाद सोडून हातानेच उतरवावे. ८० अंक लिहायला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि फाइलची प्रत परक्या संगणकावर मागे राहत नाही.

दुसरी प्रत कुठे, आणि कुठे नको

एकच प्रत असली तर आग, पूर किंवा घर बदलणे यांपैकी काहीही पुरते. दुसरी प्रत त्याच कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवण्याला फारसा अर्थ नाही. ती दुसऱ्या छपराखाली असावी, म्हणजे लॉकरमध्ये किंवा विश्वासाच्या नातेवाइकाच्या घरी बंद पाकिटात. दोन प्रतींचा तोटाही लक्षात घ्यावा: नवा संच घेतला की दोन्ही बदलाव्या लागतात, आणि लांबची प्रत बदलायची राहून जाते. मी पहिल्या प्रतीच्या पाकिटावरच दुसरी प्रत कुठे आहे आणि ती कोणत्या तारखेच्या संचाची आहे हे लिहून ठेवतो, म्हणजे दोन तारखा जुळत नसल्या तर लगेच दिसते. तीन किंवा चार प्रती काढणाऱ्यांना त्या सगळ्या अद्ययावत ठेवणे जमल्याचे मी पाहिलेले नाही.

डिजिटल प्रत ठेवायची असेल तर एकच प्रश्न विचारावा: या प्रतीपर्यंत पोहोचायला मला कोणते कुलूप उघडावे लागेल? मेलच्या खात्याचे कोड त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये ठेवले तर किल्ली घरात आणि घराला कुलूप अशी गत होते. पडद्याचा फोटो काढून ठेवणे हा त्याचाच छुपा प्रकार आहे, कारण फोन बंद पडला की फोटो फोनमध्येच अडकतो, आणि त्याची प्रत आपोआप ज्या फोटो-संग्रहात गेलेली असते तो बहुधा त्याच खात्याने उघडतो. पासवर्ड मॅनेजरमध्ये कोड ठेवणे सोयीचे आहे, पण नव्या उपकरणावर तो मॅनेजर उघडताना मेलवर आलेला किंवा फोनवरचा कोड मागत असेल तर तिथेही हेच वर्तुळ तयार होते. शिवाय पासवर्ड आणि बॅकअप कोड एकाच तिजोरीत येतात, हेही मान्य करूनच तो पर्याय घ्यावा. माझ्या मते मुख्य मेल खात्याचे आणि पासवर्ड मॅनेजरचे कोड कागदावरच असावेत; बाकी खात्यांचे मॅनेजरमध्ये राहिले तरी चालतील, कारण मुख्य दोन उघडली की त्यांच्यापर्यंत पोहोचता येते.

कोड जिवंत आहेत हे कसे ओळखावे

कागदाकडे पाहून हे कळत नाही. एक कोड खर्च करूनच कळते, आणि तो खर्च करण्यासारखा आहे. फोन हातात आणि चालू असताना, म्हणजे अडचण नसताना, संगणकावर ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी, खात्यात पासवर्डने शिरावे आणि दुसऱ्या टप्प्यावर कागदावरचा एक कोड टाकावा. खासगी खिडकी एवढ्यासाठी, की नेहमीच्या खिडकीत उपकरण ओळखीचे असल्यामुळे दुसरा टप्पा विचारलाच जात नाही आणि काही न तपासताच सगळे ठीक असल्याचा समज होतो. ‘या उपकरणावर पुन्हा विचारू नका’ या अर्थाची चौकट तिथे दिसली तर तिच्यावर खूण करू नये. कोड चालला की त्यावर काट, शेजारी तारीख, खिडकी बंद. दुसऱ्या प्रतीवरही तोच कोड पुढच्या भेटीत काटावा.

ही तपासणी ठरावीक मुदतीने करण्यापेक्षा प्रसंगाने करावी: फोन बदलल्यावर, पडताळणीच्या सेटिंगमध्ये काहीही बदल केल्यावर, आणि नवा संच घेतल्यावर लगेच. नव्या संचाचा एक कोड चालल्याची खात्री झाली की जुना कागद फाडून टाकावा, नुसता फाइलमध्ये मागे सरकवू नये. डाउनलोड्समधली फाइलही पुसावी आणि कचरापेटी रिकामी करावी. माझ्या बाबतीत याच फाइलीने वाचवले हे खरे, पण ती तिथे आठ महिने उघडी पडून होती आणि त्या काळात तो लॅपटॉप घरातल्या तिघांनी वापरला होता.